तक्रारअर्जात काय लिहायचं नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीच्या कागदपत्रांचं काम करते. कास्टिंगवर मशिनिंग होऊन माल तपासला गेला की इन्स्पेक्शन रिपोर्ट तयार करायचे आणि कस्टमरच्या ऑडिटसाठी फायली लावून ठेवायच्या. ज्याच्याबद्दल हे लिहितेय त्याला विचारून, मसुदा वाचायला देऊनच लिहितेय. इथे त्याला अजित म्हणते. नाव, खातं आणि ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशा विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. दुपारी कँटीनच्या टीव्हीवर तीच बातमी होती. अजितच्या चालण्याबोलण्यावरून आधीही कोणीतरी काहीतरी बोलायचं, पण त्या दिवसापासून त्याला ऊत आला. तो डबा घेऊन आला की एक जण मनगट सैल सोडून दोन पावलं चालून दाखवायचा आणि दुसरा बाकावर सरकत म्हणायचा, "वहिनी आल्या, जागा द्या." मग दाजी कुठले, गोव्याचे काय, लग्नाला गाड्या किती सांगायच्या, असं जेवण संपेपर्यंत चालायचं. अजित मान खाली घालून जेवायचा. पुढे पुढे तो कँटीनला यायचाच बंद झाला आणि मशीनमागे उभ्याउभ्या डबा खाऊ लागला. त्याच्या ऑपरेशनचे रिजेक्शन वाढलेले मला रिपोर्टवर दिसत होते. एरवी ज्याच्या बोअरच्या मापात कधी चूक सापडत नसे, त्याचे नग गेजवर अडकू लागले होते.

त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीन पुसून, हळदकुंकू-झेंडूने सजवून पूजा होते, कोहळा फोडतात आणि सगळे नव्या कपड्यांत फोटो काढतात. अजितचा तसाच एक फोटो घेऊन कोणीतरी त्याला मुंडावळ्या आणि हिरवा चुडा चढवला आणि त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलं. शिफ्टच्या ग्रुपवर कोणी 'आज उशीर होईल' असं लिहिलं तरी खाली ते स्टिकर पडायचं.

स्टिकरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती फार महत्त्वाची ठरली. ग्रुपवर आलेलं स्टिकर कोणीही स्वतःच्या फेव्हरिटमध्ये ठेवू शकतो. पाठवणाऱ्याने नंतर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी ज्याने ते ठेवून घेतलं त्याच्याकडे ते राहतंच. त्या चित्रावर ते कोणी बनवलं याचा पत्ता नसतो आणि तारीखही नसते. म्हणजे नुसतं स्टिकर दाखवून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या ग्रुपवर, कोणत्या नंबरवरून, कधी, कशाच्या उत्तरात पडलं हे दिसेल असा अख्ख्या संभाषणाचा स्क्रीनशॉट लागतो. ग्रुपमध्ये मीही होते, त्यामुळे तसे स्क्रीनशॉट मी माझ्या फोनवर घेतले आणि कोणालाही पाठवले नाहीत. पुरावा म्हणून पाठवलं तरी आपण ते एका जागी आणखी पोचवतोच.

अजितशी आधी बोलायचं हे मी ठरवलेलंच होतं. त्याला न सांगता तक्रार केली असती, तर त्याच्या आयुष्यातला सर्वांत जपायचा विषय मी परस्पर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला असता. कारखान्यात बोलणं शक्य नव्हतं, चहाच्या गाड्यावर तर नाहीच. रविवारी तो माझ्या मुलाची सायकल बघायला म्हणून घरी आला, तेव्हा बोललो. तो कोण आहे, कसा आहे, हे मी विचारलं नाही. म्हटलं, "जे चाललंय ते मी बघतेय. तुझ्याबद्दल मला काही विचारायचं नाही. ते थांबावं असं वाटत असलं तर मी माझ्या नावाने अर्ज देते. तू नको म्हणालास तर विषय इथेच संपला."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "ताई, घरात कळायला नको बघ. आई स्थळं बघायला लागलीय. बाकी मला शिक्षाबिक्षा कुणाला करायची नाही. ते स्टिकर बंद होऊ दे आणि जेवायला सुखानं बसता येऊ दे."

त्या दोन वाक्यांवरच पुढचं सगळं आखलं. चिडवणाऱ्यांना आपण कोणाला चिडवतो हे माहीतच होतं, त्यांच्यापासून काही लपवायचं नव्हतं. जपायची होती ती कारखान्यातून घरापर्यंतची वाट. आमच्याकडे येळ्ळूर, मच्छे, देसूर, पिरनवाडी अशा आसपासच्या गावांतून माणसं येतात. शेजारच्या मशीनवरचा माणूस भावकीतला असतो, नाहीतर मावशीच्या गल्लीतला. ऑफिसमध्ये सकाळी झालेली गोष्ट सेकंड शिफ्टच्या टमटममधून संध्याकाळी गावात पोचते. त्यामुळे अर्ज कोणाच्या हातून जाणार, कोण उघडणार, कोण वाचणार आणि कोण फायलीला लावणार, हे एकेक करून बघावं लागलं.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याआधी २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायाधीशांनी लैंगिक कल हा खासगीपणाचाच भाग मानला होता. पण खासगी कारखान्यातल्या अजितला या कलावरून कोणी छळलं तर थेट दाद मागता येईल असा वेगळा कायदा नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, पण त्यात तक्रारदार स्त्रीच असू शकते. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा कायदा प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो, पण तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे.

त्या २०१३ च्या कायद्याखाली आमच्याकडे अंतर्गत तक्रार समिती आहे आणि तिच्यावर बाहेरच्या सदस्या म्हणून एक वकीलबाई आहेत. कोणाचं नाव न घेता त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या लक्षात न आलेली गोष्ट दाखवली. ते अश्लील हावभाव आणि शेरे कँटीनमध्ये माझ्यासमोर होत होते. ते मला नकोसे होते, त्यामुळे माझ्यापुरती तक्रार मीच समितीकडे करू शकत होते. त्या वाटेला मोठा आधार असा, की समितीपुढच्या तक्रारीतला मजकूर आणि नावं उघड करायला कायद्याचीच मनाई आहे. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. मात्र समिती निर्णय देणार तो माझ्या बाबतीत काय झालं यावर. अजितच्या बाबतीत काय झालं ते तिच्या कक्षेत येत नाही.

तो रस्ता मी हातचा राखून ठेवला. अर्जात शेवटी एक ओळ घातली, की माझ्यासमोर घडलेल्या प्रकारांबाबत समितीकडे जाण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. तीन महिने कधी भरतात ते कॅलेंडरवर खूण करून ठेवलं.

अर्जाला पाया मिळाला दोन ठिकाणी. एक आमच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कामगारांसाठीच्या नियमांत, जे गेटजवळ कन्नड आणि इंग्रजीत लावलेले असतात. कामाच्या वेळेतलं बेशिस्त वर्तन किंवा शिस्तीला बाधा आणणारं कोणतंही कृत्य हे त्यात गैरवर्तन धरलेलं आहे. त्यात कोणाच्या लैंगिकतेचा उल्लेख नाही, आणि मला तेच सोयीचं होतं. दुसरी जागा माझ्याच कपाटात सापडली. आमचा माल घेणाऱ्या एका कस्टमरची पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहे आणि तिच्यावर कंपनीची सही आहे. कोणत्या कारणांवरून भेदभाव किंवा छळ होऊ द्यायचा नाही त्या यादीत लैंगिक कल स्पष्ट लिहिलेला आहे. दरवर्षी त्या कस्टमरची प्रश्नावली मीच भरते. 'आमच्याकडे असं धोरण आहे' या चौकटीत दरवर्षी माझ्याच हाताने खूण होते. कायद्याने न दिलेला आधार या सहीने दिला. तुम्ही कुठल्या मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कारखान्यात असाल, तर असा कागद तुमच्याही ऑफिसमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. तो मार्केटिंग किंवा क्वालिटीच्या फायलीत पडून असतो आणि एचआरला त्याची आठवणही नसते.

आता अर्जाचा मजकूर. 'अजित समलिंगी असल्यावरून त्याला चिडवतात' असं लिहिणं सहज सुचतं. पण हे वाक्य फायलीत गेलं की तो समलिंगी आहे हे कंपनीच्या कागदावर माझ्या सहीने नोंदलं जातं. ते खरं की खोटं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी सांगायचा अधिकार माझा नव्हता. शिवाय चौकशी मग त्याच वाक्याभोवती फिरते. चिडवणारा म्हणतो, आहेच तो तसा, मी खोटं काय बोललो? त्यामुळे अर्ज पूर्णपणे वागणुकीबद्दल लिहिला: अमुक सहकाऱ्याच्या खासगी आयुष्याबद्दल कामाच्या जागी लैंगिक स्वरूपाचे शेरे मारले जातात, हावभाव केले जातात, त्याच्या फोटोची विटंबना करून चित्र पसरवलं जातं. पुढे एकेक प्रसंग: तारीख, साधारण वेळ, जागा, कोण बोललं, नेमके शब्द, आणखी कोण हजर होतं. प्रसंग निवडून थोडेच घेतले, जे मी स्वतः पाहिले-ऐकले होते तेवढेच. दुसऱ्याने सांगितलेलं एकही घातलं नाही.

शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात, कारण 'अपशब्द वापरले' एवढ्यावर कोणी काही करत नाही. पण त्या शब्दांतच सगळं असतं. त्यावर उपाय म्हणून मुख्य अर्जात अजितचं नाव घातलंच नाही, 'एक सहकारी' एवढंच लिहिलं. नाव, उद्गार आणि स्क्रीनशॉट वेगळ्या कागदांवर घेऊन ते बंद पाकिटात घातले. स्क्रीनशॉटची प्रिंट घरी काढली आणि चेहऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवून तिची पुन्हा झेरॉक्स काढली. मूळ चित्र फोनवर दाखवीन, असं पाकिटावर लिहिलं. यामुळे मुख्य अर्ज चार टेबलांवरून फिरला तरी चालणार होतं. पाकीट मात्र एकाच हातात राहायला हवं होतं.

भाषेचा प्रश्न आमच्या भागात वेगळाच. अर्ज मराठीत दिला असता तर एचआर मॅनेजरना तो वाचता आला नसता. ते धारवाडकडचे, बोलण्यापुरतं मराठी समजतं, वाचायला कन्नड नाहीतर इंग्रजी. मराठी कागद आला की ते ऑफिसमधल्या एका क्लार्कला वाचून दाखवायला सांगतात, आणि तो क्लार्क अजितच्या शेजारच्या गावचा. म्हणून अर्ज इंग्रजीत लिहिला. कँटीनमधले उद्गार मात्र मराठीतच ठेवून शेजारी त्यांचा अर्थ मी स्वतः दिला, म्हणजे मध्ये तिसरं माणूस यायला नको. बेळगावात आणखी एक भान ठेवावं लागतं. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, त्यामुळे तो आठवडा दरवर्षी तापलेला असतो. चिडवणारे मराठी, साहेब कन्नड. त्या दिवसांत अर्ज गेला असता तर 'आपल्या पोरांविरुद्ध कानडी साहेबाकडे गेली' असं त्याला वळण लागलं असतं आणि अजितचा विषय बाजूलाच राहिला असता. म्हणून ते दिवस जाऊ दिले.

ऑफिसला दिलेला प्रत्येक कागद इनवर्ड रजिस्टरला चढतो आणि विषयाची ओळ तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. एचआरच्या ईमेलचंही तसंच, तो पत्ता एकापेक्षा जास्त जण उघडतात. त्यामुळे ईमेलवर फक्त भेटीची वेळ मागितली, कारण लिहिलं नाही. अर्ज हातोहात दिला. विषय: 'आचारसंहितेच्या पालनाबाबत, गोपनीय'. माझ्या प्रतीवर साहेबांची सही आणि तारीख घेतली. सुपरवायझरला वगळून थेट वर गेले, कारण 'वहिनी आल्या' म्हणणारा त्याच्या भावकीतला होता. वगळण्याचं कारणही अर्जात दोन ओळींत लिहिलं, नाहीतर पहिला प्रश्न तोच आला असता.

साहेबांनी पाकीट उघडून वाचलं आणि विचारलं, "लेकिन मॅडम, वो सच में वैसा है क्या?"

हा प्रश्न येणार हे मी धरूनच होते. म्हटलं, "सर, ते मला माहीत नाही आणि या तक्रारीसाठी तुम्हालाही माहीत असायची गरज नाही. हे शब्द तुमच्या-माझ्याबद्दल कोणी बोललं असतं तरी तक्रार हीच झाली असती. चौकशीत कोणालाही हा प्रश्न विचारला जाऊ नये, एवढं लिहून घ्या." त्यांनी ते लिहून घेतलं. मग आचारसंहितेचा तो कागद पुढे ठेवला, सहीच्या पानासकट. तोपर्यंत ते खुर्चीला टेकून ऐकत होते, कागद बघून पुढे सरकले.

त्यांनी एकेक उपाय सुचवले आणि प्रत्येकात काहीतरी अडचण होती. पहिला उपाय, उद्या सकाळी सगळ्यांना उभं करून दम देतो. असा दम दुसऱ्याच दिवशी दिला की तो कोणावरून आला हे सगळ्यांना कळतं आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. दुसरा, अजितला दुसऱ्या युनिटला पाठवू. म्हणजे सोसणाऱ्याचीच बदली, आणि घरी तिचं कारण काय सांगायचं? तिसरा, त्याला आत्ताच बोलावून घेऊ. मशीनवरच्या माणसाला साहेबांचं बोलावणं सुपरवायझरमार्फत जातं आणि परत येईपर्यंत अख्खी लाइन विचारत असते. मी सुचवलं, की पीएफच्या केवायसीसाठी एचआर रोज कोणाला ना कोणाला बोलावतं, तसंच बोलवा, आणि त्याच दिवशी आणखी दोघा-तिघांनाही. तसंच झालं. साहेबांनी अजितला एवढंच विचारलं, "तुला काय हवं?" त्याने मला सांगितलेलंच सांगितलं. लेखी जबाब घेतला नाही, कारण त्याने नको म्हटलं.

चौथा मार्ग चार्जशीट देऊन डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीची स्वतःची रीतसर चौकशी, लावायचा. याची मर्यादा आधीच समजून घ्यायला हवी, कारण 'नाव गुप्त ठेवा' म्हटलं की सगळंच गुप्त राहील असं आपल्याला वाटतं. इन्क्वायरी लागली की ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमका आरोप कळायला हवा, म्हणजे तारीख, शब्द आणि कोणाबद्दल ते सगळं. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा त्याला हक्क असतो. त्याच्या बाजूने एखादा सहकामगार बसू शकतो. हे त्याचे रास्त हक्क आहेत, ते डावलून दिलेली शिक्षा टिकत नाही. पण त्या खोलीत अजितचं खासगी आयुष्य उलट प्रश्नांत ओढलं जाणार, आणि ऐकायला गावातलाच कोणीतरी असणार. निनावी अर्जाचाही उपयोग नसतो, कारण विचारायचं कोणाला हेच कळत नाही. ज्यांना नोकरीवरून काढण्याइतकी कारवाई हवी आहे त्यांना हा रस्ता घ्यावाच लागतो. अजितला ती नको होती.

मग ठरलं ते असं. दोघांना वेगवेगळं बोलावून लेखी ताकीद द्यायची. ताकिदीत कोणाचं नाव नाही, 'कँटीनमध्ये आणि शिफ्टच्या ग्रुपवर सहकाऱ्यांच्या खासगी आयुष्याबद्दल लैंगिक स्वरूपाचं वर्तन' एवढंच. पुन्हा घडलं तर चार्जशीट, हेही त्यात. ताकिदीची प्रत पर्सनल फायलीत उघडी न लावता बंद पाकिटात. फायली तोच क्लार्क सांभाळतो, म्हणून पाकिटावर साहेबांची सही. ग्रुप सुपरवायझरने बंद करून नवा काढायचा, ज्यात ठरावीक दोघांनाच मेसेज टाकता येतील, आणि कारण सांगायचं ते ओव्हरटाइमच्या सूचना हरवतात असं. सगळ्यांसाठीचं बोलणं आत्ता न करता वर्षाच्या सुरक्षा प्रशिक्षणातच एक भाग म्हणून, तेही सर्व शिफ्टना.

दोघांपैकी एकाने ताकीद मुकाट घेतली. त्यानेच स्टिकर फोनवरून काढल्याचं साहेबांना दाखवलं. दुसरा म्हणाला, गंमत होती, तोही हसायचा. साहेबांनी त्याला माझ्या कागदावरची एक ओळ वाचून दाखवली: त्या तारखेनंतर तो सहकारी कँटीनला जेवायला आलेला नाही. ही ओळ मी मुद्दाम घातली होती. हसण्याला उत्तर देता येत नाही, पण रिकाम्या जागेला कँटीनच्या कूपनचा आधार असतो.

त्यानंतर 'सांगायला कोण गेलं' याचा शोध सुरू झाला. अर्ज माझ्या नावाने असल्याचा फायदा इथे झाला. संशय माझ्यावर आला, अजितवर नाही, आणि मी तो नाकारला नाही. विचारलं त्याला सांगितलं, "माझ्यासमोर घाण बोलत होता, मला आवडलं नाही." ते खरंही होतं. काही दिवस माझ्याकडे यायचे तपासणीचे कार्ड उशिरा येऊ लागले आणि डिस्पॅच अडकून बोलणी मला बसू लागली. कार्डावर मिळाल्याची वेळ मी शेजारी लिहीत गेले आणि तो कागद साहेबांना नेऊन दिला. तक्रार केली म्हणून त्रास देणं हे वेगळं गैरवर्तन आहे, पण ते वेगळं दाखवावं लागतं. सुपरवायझरला एक फोन गेला आणि कार्ड वेळेवर येऊ लागले.

सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. ते स्टिकर अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये असेल, ते काढायचा उपाय कोणाकडे नाही. दुसऱ्या माणसाने अजितशी बोलणंच टाकलं, कामापुरतंही, आणि जॉब देताघेताना तो ट्रे आदळतो. त्यावर अजून काही करता आलेलं नाही. अजित फर्स्ट शिफ्टला असला की आमच्या टेबलावर जेवायला येतो. घरी काही पोचलं नाही, निदान आमच्या अर्जातून तरी नाही. तीन महिने भरायच्या आधी मी त्याला आणि वकीलबाईंना विचारलं आणि समितीकडे जायचं नाही असं ठरवलं. कँटीनमधलं बोलणं थांबलं होतं आणि आणखी पाच माणसांना सगळं नव्याने सांगायची त्याची इच्छा नव्हती.

पुढच्या वर्षी कस्टमरची प्रश्नावली पुन्हा माझ्याकडे आली. त्यात एक प्रश्न असतो: गेल्या वर्षात भेदभाव किंवा छळाच्या किती तक्रारी आल्या? साहेबांनी सुचवलं, मिटलेली गोष्ट आहे, शून्य लिहू. मी म्हटलं, तक्रार आली आणि कारवाईही झाली, तर एक लिहू या, खातं आणि महिना न देता. ऑडिटर फाईल मागतील, ही त्यांची भीती खरीच होती. त्यावर ठरलं की मुख्य अर्ज आणि ताकिदीची नावं झाकलेली प्रत दाखवायची, पाकीट दाखवायचं नाही. ऑडिटर आले, त्यांनी कारवाईची तारीख टिपून घेतली आणि विचारलं, पाकिटात काय आहे? साहेब म्हणाले, "एका माणसाची खासगी बाब आहे, ती त्याच्या परवानगीशिवाय उघडता येणार नाही." ऑडिटरनी तेच वाक्य रिपोर्टमध्ये लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.